नाव चुकल्यानंतरचे दहा सेकंद

(चंद्रपूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'सूत्रसंचालन' असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, वेळ थोडा आहे, म्हणून मी त्यातला एकच तुकडा उचलतो. पाहुण्यांचा परिचय करून देताना नाव चुकलं, किंवा पाठ केलेली ओळ ऐनवेळी आठवली नाही, तर पुढच्या दहा सेकंदांत काय करायचं? चूक होऊ नये म्हणून काय करावं हे सगळे सांगतात. पण चूक होतेच. मी वीसेक वर्षं चंद्रपूर आणि गडचिरोलीत माइकसमोर उभा राहतोय आणि या दोन्ही चुका माझ्याकडून अनेकदा झाल्या आहेत. त्यातली एक आधी सांगतो, कारण तिथे मी जे जे करू नये ते सगळं केलं होतं.

वनहक्कांवरचा मेळावा होता. वक्त्यांची यादी मला आदल्या रात्री फोनवर आली, इंग्रजी अक्षरांत. एटापल्लीकडून येणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचं आडनाव तिच्यात Madavi असं होतं. मी ती यादी मंचावर पहिल्यांदा नीट पाहिली आणि घाईघाईत म्हणालो, "आता आपल्यासमोर येत आहेत, माधवी..." सभागृहात हशा पिकला. पुरुष माणूस, साठीच्या पुढचा, आणि मी त्याला बाईचं नाव दिलं होतं. माणूस मडावी होता. आपल्या या दोन जिल्ह्यांत हे आडनाव प्रत्येक दुसऱ्या बसमध्ये भेटतं. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं दिसली आणि डोळ्यांनी जवळचा ओळखीचा शब्द उचलला, एवढंच.

इथपर्यंतची चूक क्षम्य होती. पुढची नव्हती. लोक हसले म्हणून मीही हसलो. मग म्हणालो, "काय करणार, आडनावंच अशी असतात!" त्यानंतर पुन्हा चुकू नये म्हणून मी नावच टाळलं आणि उरलेला परिचय 'सर, सर' करत संपवला. ते उठले, माइकपाशी आले आणि त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सावकाश दोनदा सांगितलं. मग गावाचं नाव सांगितलं आणि मग बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

चहाच्या वेळी मी माफी मागायला गेलो. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, "शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी माझं माडिया नाव बदलून मराठी ठेवलं, त्यांना ते सोपं गेलं. आडनाव तेवढं राहिलं होतं." यावर मला काही बोलता आलं नाही. गडचिरोलीत ज्यांनी काम केलंय त्यांना ठाऊक आहे की ही गोष्ट एका माणसाची नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. आणि त्या फरकापायी तहसील कार्यालयाच्या खेपा. ज्या माणसाचं नाव आजवर प्रत्येक कारकुनाने आपल्या सोयीने लिहिलं, त्याला आपण सन्मानाने मंचावर बोलावतो आणि माइकवरून तेच करतो. आणि 'आडनावंच अशी असतात' म्हणालो तेव्हा मी माझी चूक त्याच्या नावावर ढकलली होती.

आता तोच प्रसंग पुन्हा घेऊ आणि काय करायला हवं होतं ते पाहू.

मी 'माधवी' म्हणालो आणि हशा झाला. हशा हा इशाराच आहे, त्यामुळे चूक त्याच श्वासात कळली. अशा वेळी थांबायचं. हसायचं नाही. हशा ओसरेपर्यंत दोन-तीन सेकंद गप्प राहायचं, कारण हशाच्या वर बोललेलं नाव कोणालाच ऐकू जात नाही आणि दुरुस्ती वाया जाते. मग पाहुण्यांकडे पाहून म्हणायचं, "माफ करा. मडावी." आणि लगेच पूर्ण नाव पुन्हा घेऊन वाक्य पहिल्यापासून म्हणायचं: "एटापल्लीहून आलेले श्री. अमुक मडावी आपल्यासमोर येत आहेत." माफी एकदाच, दोन शब्दांत. लांबलचक माफी मागितली की सभागृहाचं लक्ष पाहुण्यांवरून निवेदकावर येतं. मग पाहुण्यालाच 'असू द्या, असू द्या' म्हणत आपली समजूत काढावी लागते. चूक आपली आणि सांत्वन त्याने करायचं, हा उलटा कारभार आहे.

वाक्य पहिल्यापासून का म्हणायचं? नुसता शब्द दुरुस्त केला तर लोकांच्या कानात 'माधवी' हा पूर्ण वाक्यात आलेला शब्द राहतो आणि 'मडावी' हा सुटा तुकडा राहतो. बरोबर नावाला वाक्यात जागा मिळाली की ते रुजतं.

पण प्रत्येक वेळी हशा होत नाही. बहुतेक वेळा चूक शांतपणे निघून जाते आणि ती ओळखावी लागते. मी दोन खुणा पाहतो. पहिली म्हणजे, नाव पुकारल्यावर माणूस लगेच उठत नाही, शेजाऱ्याकडे पाहतो, आणि शेजाऱ्याने हात लावल्यावर उठतो. त्याला स्वतःचं नाव ओळखू आलेलं नसतं. दुसरी खूण सभागृहात दिसते. त्याच्या गावाकडची माणसं एकाच बाजूला बसलेली असतात आणि तिथे कुजबुज होते, कोणीतरी हळू आवाजात खरं नाव म्हणतं. ते ऐका, ती तुम्हाला मदत असते. पाहुण्याच्या चेहऱ्यावर मात्र विसंबू नका. तो सभ्यपणे मान डोलावतो, 'चालतं' म्हणतो. आपल्याकडे मंचावर निवेदकाची चूक काढणं उद्धटपणा समजतात, त्यामुळे तो चूक काढणारच नाही.

अशी चूक दोन वाक्यांनंतर लक्षात आली, तर चालू वाक्य पूर्ण करा. वाक्य मध्येच तोडून मागे गेलात तर काय दुरुस्त होतंय तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. वाक्य संपलं की पुढचं वाक्य बरोबर नावाने सुरू करा: "मडावीजी, मघाशी तुमचं नाव मी चुकीचं घेतलं, माफ करा." आणि पुढे चला. आणि कार्यक्रम संपायला आल्यावर कळलं, तर तुमच्या हातात आभार प्रदर्शन असतं. आभार कोणी दुसरा मानणार असेल, तर त्याच्या कागदावर जाऊन नाव स्वतःच्या हाताने, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत दुरुस्त करा. नाहीतर तोही तुमचंच ऐकून तीच चूक करेल. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय: पहिल्या निवेदकाने नाव बिघडवलं की दुपारपर्यंत अध्यक्षही तेच म्हणतात.

एक गोष्ट मी अजिबात करत नाही. माइकवरून पाहुण्याला "बरोबर बोललो ना?" असं विचारत नाही. दोनशे लोकांसमोर तो 'नाही' कसा म्हणेल? विचारायचं ते आधी, खुर्चीजवळ जाऊन. आणि नावावर विनोद करायचा अधिकार फक्त नाव असणाऱ्याचा. 2014 च्या ऑस्कर सोहळ्यात जॉन ट्रॅव्होल्टाने इडिना मेंझेल या गायिकेला 'अडेल डझीम' म्हणून मंचावर बोलावलं. जगभर हसं झालं. पुढच्या वर्षी त्याच मंचावर तिने त्याला एका हास्यास्पद, बनवलेल्या नावाने बोलावलं. तो विनोद तिचा होता म्हणून गोड लागला. त्याने केला असता तर अपमान झाला असता.

आता आपल्या घरातल्या नावांबद्दल बोलू, कारण इथे उलटा प्रश्न आहे: कशाला चूक म्हणायचं आणि कशाला नाही? मराठीत नुक्ता वापरत नाहीत. 'ज'चे उच्चार दोन, आणि उर्दूतला झेड दाखवायला आपण कधी 'ज' लिहितो, कधी 'झ'. म्हणून तेच नाव कोणी 'जहीर' लिहितं, कोणी 'झहीर'. वाचणारा पहिल्यात जेवणातला 'ज' म्हणतो, दुसऱ्यात झाडातला 'झ'. कधी घाईत 'जाहीर' म्हणतो, आणि मग "आता येत आहेत जाहीर शेख" अशी जाहीर सभा होते! यात कुठे थांबायचं?

माझा नियम साधा आहे. जिभेच्या लकबीसाठी थांबायचं नाही. नाव बदलून दुसराच शब्द किंवा दुसराच माणूस झाला, तर थांबायचं. 'खान'मधला ख घशातून नाही आला म्हणून कोणत्याही खानाचं मन दुखत नाही. उलट मराठी निवेदक मुद्दाम घसा खरवडून उर्दू उच्चार करायला लागला की ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. पण 'जहीर'चं 'जाहीर' झालं तर थांबा. 'हमीद'चं 'हामिद' झालं तर थांबा. ही दोन वेगळी नावं आहेत. हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद म्हणजे स्तुतीला पात्र. इंग्रजीत लिहिताना दोन्ही बहुधा Hamid होतात. हमीद दलवाईंचं नाव घेतानाही नवी मुलं इंग्रजीवरून वाचतात आणि हामिद करून टाकतात. तसंच 'अब्दुल रहमान' यांना नुसतं 'अब्दुलजी' म्हणू नका. अब्दुल म्हणजे 'अमक्याचा दास', ते अर्धं नाव आहे. पुढचा शब्द राहून गेला असेल तर परत जाऊन पूर्ण नाव घ्या. गोंडी-माडिया नावांनाही हाच नियम. 'आत्राम'चा आ थोडा आखूड झाला तर पुढे चला. 'मडावी'चं 'मांडवी' झालं तर मांडवी हे गावा-नदीचं नाव आहे, थांबा.

आता दुसरी चूक, ओळ विसरण्याची.

लहानपणी मी वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं पाहिली. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की शंकरपट, मंडई आणि रात्रभर नाटक. आम्ही पोरं मंचाच्या बाजूला घुसायचो, त्यामुळे प्रेक्षकांना न दिसणारा माणूस आम्हाला दिसायचा. तो प्रॉम्प्टर. हातात वही, नजर नटावर. मला तेव्हा एका गोष्टीची गंमत वाटायची: तो पूर्ण वाक्य कधी सांगत नसे. पहिले दोन-तीन शब्द फेकायचा, उरलेलं नटाला आपोआप यायचं. आणि तेही नाही आलं तर समोरचा नट प्रश्न विचारायचा, "मग तू पाटलाला काय म्हणालास?" की गाडी रुळावर. समोर बसलेल्या हजारो माणसांना काही कळायचं नाही. कसं कळणार? त्यांच्यापैकी कोणाकडे वही नव्हती.

विसरण्याच्या बाबतीत मुख्य भेद इथेच आहे. जो मजकूर ऐकणाऱ्यांना माहीत आहे, तो विसरलात तर मागे जायचं. जो माहीत नाही, तो विसरलात तर पुढे जायचं.

आपल्या कार्यक्रमात माहीत असलेला मजकूर म्हणजे संविधानाची उद्देशिका. सामूहिक वाचनात पुढे म्हणणाऱ्याने एक शब्द गाळला की मागचे अडखळतात, अर्धे त्याच्याबरोबर जातात, अर्धे आपल्या आठवणीप्रमाणे. तिथे पुढे रेटत राहिलात तर शेवटच्या तारखेपर्यंत गोंगाट. हात वर करून थांबवा, "या ओळीपासून पुन्हा घेऊ" म्हणा आणि त्या ओळीच्या सुरुवातीपासून घ्या. 10 डिसेंबर 2016 रोजी स्टॉकहोमला नोबेल समारंभात पॅटी स्मिथ बॉब डिलनचं गाणं म्हणत होत्या. स्वीडनचा राजा समोर, आणि त्या एका ओळीवर अडल्या. त्या थांबल्या, माफी मागितली, दडपण आल्याचं सांगितलं आणि तो भाग पुन्हा सुरू केला. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं, त्यामुळे दुसरा मार्गच नव्हता. लोकांनी टाळ्या दिल्या.

पण पाहुण्यांच्या परिचयात तुम्ही पुढे काय म्हणणार होता हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. तिथे "अरे, विसरलो" म्हणणं म्हणजे कोणी न पाहिलेला खड्डा बोट दाखवून सांगणं. माझ्याबाबतीत घडलेलं सांगतो. भामरागडकडच्या एका आशाताईंचा परिचय होता, आडनाव पुंगाटी. मी सहा वाक्यं पाठ केली होती. तिसरं वाक्य म्हणालो: "पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो." आणि चौथं गेलं. त्यात त्या किती गावं सांभाळतात तो आकडा होता, आणि पाचवं-सहावं त्या आकड्यावर उभं होतं. एक कडी तुटली की साखळी गेली.

मी गप्प राहिलो. बोलणाऱ्याला तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात, ऐकणाऱ्याला तो साधा विराम वाटतो. त्या वेळात मी आकडा शोधत बसलो नाही, कारण तो शोधताना चेहरा छताकडे जातो आणि मग लोकांना कळतं. मी शेवटच्या वाक्यातला शब्द धरला. रस्ता बंद होतो. म्हणालो, "रस्ता बंद असतो त्या दिवसांत गावात दुखणाईत माणूस असेल तर काय होतं, हे आपण त्यांच्याच तोंडून ऐकू या." आणि नाव घेतलं. पूर्ण, सावकाश. पुंगाटीताई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात त्यांनी तो आकडा सांगितला. माझी तीन वाक्यं गेली, कोणाचंच काही बिघडलं नाही. खरं तर बरंच झालं. परिचयात आपण पाहुण्याचंच भाषण आधी सांगून टाकतो.

हे जमलं, कारण नाव कागदावर होतं. परिचयात नाव शेवटी येतं, म्हणजे साखळी तुटली की सगळ्यात आधी तेच धोक्यात येतं. आठवणीवर काहीही सोपवा, नाव सोपवू नका. मी पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवतो. वर नाव, देवनागरीत, पाहुण्याने स्वतः उच्चारलं तसं, अवघड असेल तर तोडून: पुं-गा-टी. खाली 'आज का आले' याचं एक वाक्य. बस. इतर सगळं विसरलं तरी या दोन ओळींत परिचय पुरा होतो. आणि झाडीपट्टीची युक्ती मी घेतली आहे: पहिल्या रांगेत पाहुण्याच्या भागातलं एक माणूस बसवतो, त्याला सांगून ठेवतो की मी तुझ्याकडे पाहिलं तर फक्त आडनाव म्हण. दोनदा उपयोग झालाय.

एका ठिकाणी यातलं काही चालत नाही, तेही सांगतो. श्रद्धांजलीच्या सभेत गेलेल्या माणसाचं नाव चुकलं, तर विराम, कागद, पहिली रांग, काहीही ते पुसत नाही. घरचे समोर बसलेले असतात. तिथे मी कागद हातात धरूनच, वाचूनच नाव घेतो, पाठ असलं तरी. आणि चुकलंच तर तिथल्या तिथे दुरुस्त करून, सभा संपल्यावर घरच्यांकडे जाऊन पुन्हा माफी मागतो.

बोलणं इथे थांबवतो, कारण हे ऐकून येत नाही. प्रत्येकाला एक कागद मिळाला आहे. शेजारच्याला त्याचं पूर्ण नाव विचारा, तो म्हणेल तसं देवनागरीत लिहा, मग इथे येऊन तीन वाक्यांत परिचय करून द्या. मी मध्येच मुद्दाम खोकेन, म्हणजे तुम्ही विसराल. सुरुवात मागच्या रांगेपासून करू. सिरोंच्याहून आलेल्या ताई, या. तुमचं नाव मघाशी नोंदणीच्या वेळी मी चुकीचं वाचलं, आता तुम्हीच सांगा, मी लिहून घेतो.